तळटिपेत दडलेला अर्थ: मोठ्या अहवालाचा गोषवारा करताना तुम्ही टिपा कशा पकडता?

माजघर
आमच्या संस्थेत मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सरकारी अहवालाचा चार पानी गोषवारा करते. विश्वस्त तेवढंच वाचतात आणि त्यावर पैसे कुठे घालायचे ते ठरवतात. यंदा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) घेतली होती. देशाचा अहवाल आणि सोबत आमच्या जिल्ह्याचं तथ्यपत्रक.

गोषवाऱ्यात मी लिहिलं, "जिल्ह्यात जुलाब झालेल्या मुलांना ओआरएस मिळण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांवरून ५६ वर घसरलं." विश्वस्तांनी लगेच ओआरएसच्या प्रशिक्षणाला पैसे वळवायचं ठरवलं. बैठकीला आलेल्या तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तथ्यपत्रक उघडलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, ह्या ५६ भोवतीचा कंस कुठे गेला?"

कंस होता, आणि त्याचा खुलासा अगदी शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात होता. मी तो वाचलाच नव्हता. पोटात गोळा आला.

तर प्रश्न असा: शेकडो पानांचा अहवाल वाचताना कुठली टीप मजकुराचा अर्थ फिरवते आणि कुठली नुसती शोभेची, हे तुम्ही कसं ओळखता? सगळ्याच टिपा वाचायच्या म्हटलं तर गोषवारा दिवाळीला द्यायचा तो होळीला होईल.

खट्याळ काका
* अटी लागू.

अर्धा शहाणा
सोपं आहे. कंस म्हणजे अंदाजे आकडा. आपणही शाळेत अंदाजे उत्तर कंसात लिहायचो. गोषवाऱ्यात "सुमारे ५६ टक्के" लिहा, विषय संपला.

गणिती
अर्धा शहाणा, सर्वेक्षणातला प्रत्येकच आकडा अंदाजे असतो, मग सगळ्यांनाच कंस घालावा लागेल. त्या तळटिपेत लिहिलंय की कंसातला आकडा २५ ते ४९ प्रत्यक्ष नोंदींवर बेतलेला आहे. पंचवीसपेक्षा कमी नोंदी असतील तर आकडा छापतच नाहीत, त्या जागी तारा टाकतात.

आता हे जुलाबाचं बघा. एका जिल्ह्यात साधारण नऊशे घरं पाहणीत असतात. त्यांत पाच वर्षांखालची मुलं समजा तीनशे निघाली. ओआरएसचा प्रश्न या तीनशे जणांबद्दल विचारलेला नाही. पाहणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत ज्यांना जुलाब झाले तेवढ्यांबद्दलच विचारलेला आहे. देशात हे प्रमाण ७.३ टक्के होतं. तीनशेचे ७ टक्के म्हणजे एकवीस मुलं, मग तारा येणार. दहा टक्के असेल तर तीस, मग कंस येणार.

तीस मुलं धरली तर एक मूल म्हणजे ३.३ टक्के. पाच मुलांच्या आयांनी "हो, पुडी दिली होती" ऐवजी "नाही" म्हटलं की तुमची ती सोळा टक्क्यांची घसरण झालीच. तिसांवरच्या ५६ टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना जवळपास १८ टक्के धरावी लागते, म्हणजे खरा आकडा ३८ ते ७४ मध्ये कुठेही असू शकतो. आधीचे ७२ त्यात आरामात बसतात. शिवाय मुलं गावागावांतून गठ्ठ्याने निवडलेली असतात, त्यामुळे चूक याहून थोडी मोठीच.

म्हणून "सुमारे" लिहून भागणार नाही. तुमच्या वाक्यात आकड्यापेक्षा "घसरलं" हे क्रियापद जास्त चुकलं आहे.

माजघर
बाप रे. पाच मुलं! मी त्या वाक्याला ठळक केलं होतं.

नाशिकची चिवडा
वाचतेय. छान धागा.

सेक्रेटरी ए-विंग
अगदी आमच्या सोसायटीतलं दुखणं. वार्षिक सभेत खजिनदारांनी मोठ्या आवाजात वाचलं, "यंदा शिल्लक दोन लाख दहा हजार." टाळ्या वाजल्या, देखभाल शुल्क वाढवायचं नाही असं ठरलं. घरी येऊन हिशोबाची चोपडी मागून चाळली तर लेखापरीक्षकाच्या टिपांमध्ये नववी टीप: लिफ्टवाल्याचं चार लाखांचं बिल वादात असल्याने खर्चात धरलेलं नाही. म्हणजे शिल्लक कुठली, खड्डा! तेव्हापासून मी ताळेबंद शेवटच्या पानापासून वाचतो. तुमच्याकडे सोसायटीचं ऑडिट कोण करतं? आमच्याकडे आता नवीन माणूस बघायचा आहे.

खट्याळ काका
लिफ्ट वर जाते, टीप खाली असते.

कोपऱ्यातला उपसंपादक
मी आता निवृत्त, पण डेस्कवर काढलेली वर्षं थोडी नाहीत. याच सर्वेक्षणाचा नोव्हेंबर २०२१ मधला गाजलेला आकडा आठवा: हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया. "देशात प्रथमच स्त्रिया पुरुषांहून जास्त" अशा बातम्या सगळीकडे लागल्या. त्याच तक्त्यात पुढच्याच ओळीत गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांचं गुणोत्तर होतं: हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. दोन ओळी एकत्र वाचल्या तर कुणीही थांबला असता. पण मथळ्यात एकच ओळ मावते.

अर्धा शहाणा
तो १०२० चा आकडा खोटाच होता हो. जनगणनेत २०११ ला ९४३ होता, दहा वर्षांत एवढा कसा वाढेल? सरकारी आकडे, दुसरं काय.

गणिती
खोटा नाही. तो कुणाचा आहे ते बघा. घराघरांत जाऊन आदल्या रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं, ते मोजून काढलेलं गुणोत्तर आहे ते. सैन्याच्या बराकी, वसतिगृहं, तुरुंग या पाहणीत येतच नाहीत. कामासाठी बाहेर राहणारा नवरा गावच्या घरात मोजला जात नाही, आणि तो बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या शेडमध्ये झोपत असेल तर तिथे तो सापडेलच असं नाही. जनगणना वेगळ्या पद्धतीने सगळ्यांना मोजते. त्यामुळे १०२० आणि ९४३ एका रेघेवर ठेवून वाढ काढताच येत नाही. आणि हे आकड्याच्या शेजारी लिहिलेलं नसतं. मोठ्या अहवालात तक्त्याच्या शीर्षकात आणि नमुना कसा निवडला ते सांगणाऱ्या मागच्या भागात ते असतं.

सिंधू ताई पुणे ३०
गणिती, एक शंका. चौथ्या फेरीतही (२०१५-१६) याच पद्धतीने मोजलं होतं ना? तेव्हा ९९१ होते. पद्धत तीच असेल तर ९९१ चे १०२० कसे झाले, हे "आदल्या रात्री कोण झोपलं" यावरून समजत नाही. उलट पाहणीचा दुसरा टप्पा जानेवारी २०२० ते एप्रिल २०२१ असा झाला. टाळेबंदीत पुरुष गावी परतले होते, म्हणजे घरांत पुरुष जास्त सापडायला हवे होते.

गणिती
बरोबर पकडलंत. पद्धतीमुळे जनगणनेशी तुलना बाद होते, पण दोन फेऱ्यांमधली वाढ त्यातून समजत नाही. त्या वाढीचं कारण मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी गोषवारा करत असतो तर १०२० लिहिताना "पाहणीच्या रात्री घरात असलेल्यांमध्ये" हे शब्द आकड्याच्या आधी घातले असते, ९२९ शेजारी ठेवले असते आणि कारणांच्या वाटेला गेलो नसतो.

चाळकरी
मी गिरगावात चाळीत वाढलो, म्हणून एक टीप मला कायमची लक्षात आहे. याच अहवालात "सुधारित स्वच्छता सुविधा वापरणाऱ्या घरांत राहणारी लोकसंख्या" देशात ७०.२ टक्के आहे. आमच्या ऑफिसात एकाने सादरीकरणात लिहिलं, "म्हणजे ३० टक्के लोक अजून उघड्यावर जातात." मी म्हटलं, बाबा रे, त्या नावाच्या डोक्यावर बारका आकडा आहे, तो कशाचा ते बघ. तळाला लिहिलंय की जो संडास दुसऱ्या कुठल्याही घराबरोबर वाटून घेतलेला नाही तोच धरला आहे.

आमच्या मजल्यावर टोकाला चार संडास, बारा बिऱ्हाडं. फरश्या बसवलेल्या, फ्लश होता, गटाराला जोडलेले, रोज धुतले जायचे. या व्याख्येत आम्ही सगळे बाहेर! पण म्हणून आम्ही उघड्यावर जात नव्हतो. त्याच अहवालात संडासच न वापरणारी घरं वेगळी दिली आहेत, ती १९ टक्के.

अर्धा शहाणा
मग ३० वजा १९, म्हणजे ११ टक्के लोक चाळीतले. हे तरी बरोबर ना?

चाळकरी
दिसतं तसं, पण नाही. ७०.२ ही माणसांची टक्केवारी आहे आणि १९ घरांची. मोठी कुटुंबं आणि लहान कुटुंबं यांची वजाबाकी अशी होत नाही. शिवाय उरलेल्यांत सगळेच वाटून घेणारे नसतात, काहींचे संडास स्वतःचेच असतात पण "सुधारित" मध्ये बसत नाहीत. मीही आधी हीच वजाबाकी केली होती, लाज कसली.

अर्धा शहाणा
नाव सार्थ करतोय मी.

कोपऱ्यातला उपसंपादक
या "व्याख्येच्या टिपा" सगळ्यांत फसव्या. आणखी एक सांगतो. याच सर्वेक्षणात कधीतरी नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रिया २९.३ टक्के, आधी ३१.२ होत्या. टीप म्हणते: हिंसा म्हणजे शारीरिक आणि/किंवा लैंगिक. घालूनपाडून बोलणं, धमक्या, चारचौघांत अपमान हे या आकड्यात नाही, त्याचे तक्ते मोठ्या अहवालात वेगळे आहेत. "७० टक्के स्त्रियांना कुठलाही त्रास नाही" असं वाक्य मी स्वतःच्या डोळ्यांनी कच्च्या मजकुरात वाचलेलं आहे आणि खोडलेलं आहे.

विदर्भाची लेक
मी पीएच.डी. करतेय. तळटीप पानाच्या खाली द्यावी की प्रकरणाच्या शेवटी? आमचे गाईड दर आठवड्याला वेगळं सांगतात.

खट्याळ काका
गाईड बदलेपर्यंत दोन्हीकडे द्या.

नाशिकची चिवडा
विदर्भाची लेक, तो धागा वेगळा आहे बहुतेक. पण तुझ्या गाईडबद्दल स्वतंत्र धागा काढ, आम्ही येतो.

एक्सेलग्रस्त
माजघर, मला वाटतं तुमचा कंस तुम्ही न वाचल्यामुळे हरवलेला नाही. तथ्यपत्रक पीडीएफ असतं. त्यातून तक्ता उचलून एक्सेलमध्ये चिकटवलात का?

माजघर
हो! आणि एक विचित्र प्रकार झाला होता. काही आकडे उणे आले होते. मला वाटलं पीडीएफमधली काहीतरी खरकटी रेघ आली असेल, म्हणून मी सगळी उण्याची चिन्हं काढून टाकली.

एक्सेलग्रस्त
तेच! हिशोबनिसांच्या रिवाजाप्रमाणे कंसातला आकडा म्हणजे उणे, आणि एक्सेल तसंच समजतं.

```
(56.0)  ->  -56
```

तुम्ही उणे काढलंत आणि सावधगिरीची खूण पूर्ण पुसली गेली. टक्केवारीच्या रकान्यात उणे आकडा दिसला की ती कंसाची जागा समजा.

ताऱ्याचं याहून वाईट. तो मजकूर म्हणून बसतो आणि सरासरी काढताना एक्सेल ती घरं गुपचूप वगळतं. आमच्या एका उत्साही मुलाने "रिकामं कशाला दिसू दे" म्हणून ताऱ्याच्या जागी शून्य भरलं. एका जिल्ह्यात लसीकरण शून्य! तारे शोधायला जावं तर नुसता तारा शोधून उपयोग नाही, एक्सेल त्याचा अर्थ "काहीही" असा घेतं आणि प्रत्येक भरलेलं घर दाखवतं. असं शोधायचं:

```
~*
```

आणि डोक्यावरचे छोटे आकडे पीडीएफमधून येताना शब्दाला किंवा आकड्याला चिकटतात. एखादी संख्या उगाच एक आकडा लांब दिसली तर मूळ पान उघडा. मी आता काहीही चिकटवण्याआधी घरांचा प्रकार "मजकूर" करून ठेवतो, म्हणजे कंस कंसच राहतो.

माजघर
सोडवलंत हो कोडं. म्हणजे माझं वाचन आणि माझी सफाई, दोन्ही नडलं.

सेक्रेटरी ए-विंग
लेखापरीक्षकाबद्दल कुणी बोलत नाहीये.

गणिती
आता मूळ प्रश्नाकडे. सगळ्या टिपा वाचाव्या लागतातच, पण वाटतं तेवढा वेळ जात नाही, कारण बऱ्याच टिपा पानोपानी त्याच असतात. मी मजकुराच्या आधी एक कोरा कागद घेतो आणि अहवालभर फिरून फक्त खुणा गोळा करतो: कंस, तारे, डोक्यावरचे आकडे, तक्त्याखालच्या ओळी. मग जे आकडे गोषवाऱ्यात घ्यायचेत त्यांच्यापुरतं एकच करतो. टीप उचलून वाक्यात घालतो आणि वाक्य मोठ्याने वाचतो. "जिल्ह्यात जुलाब झालेल्या, पन्नासहून कमी मुलांच्या नोंदींनुसार, ओआरएसचं प्रमाण ७२ वरून ५६ वर घसरलं." हे म्हणताना जीभ अडखळते ना? मग ही टीप वाक्यातच राहणार. उलट पंडुरोगाच्या आकड्याखाली लिहिलंय की मोठ्यांचं हिमोग्लोबिन ठिकाणाची उंची आणि धूम्रपान लक्षात घेऊन जुळवलेलं आहे. ती वाक्यात घातली तरी आमच्या सपाट तालुक्यापुरता अर्थ हलत नाही. ती खाली राहू दे.

कोपऱ्यातला उपसंपादक
असहमत, थोडासा. असं प्रत्येक वाक्यात कोंबलंत तर गोषवारा वकिलाच्या नोटिशीसारखा होईल आणि विश्वस्त वाचणार नाहीत. आमच्याकडे नियम होता: आकड्याला इतक्या कुबड्या लागत असतील तर तो आकडा घेऊ नका, दुसरा घ्या.

सिंधू ताई पुणे ३०
दुसरा कुठला घेणार? जिल्ह्यात जुलाबाच्या मुलांचा आकडा एकच आहे. राज्याचा घेता येईल, तिथे मुलं पुष्कळ असतात. पण तो घेतला तर "आमच्या जिल्ह्यात" हे शब्द सोडावे लागतील, आणि विश्वस्तांना तेच हवे असतात. आणखी एक बघा. आपल्या राज्याची पाहणी पहिल्या टप्प्यात, जून २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये झाली. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश दुसऱ्या टप्प्यात. मध्ये करोना आला. शेजारच्या राज्याशी तुलना करायची झाली तर हे तारखांचं परिशिष्टही डोक्यात ठेवावं लागतं.

कोपऱ्यातला उपसंपादक
हे मान्य. मग आकडा गाळला तर गाळल्याचं सांगा, एवढं तरी. वाचणाऱ्याला वाटू नये की या विषयावर अहवालात काहीच नव्हतं.

एक्सेलग्रस्त
त्या जुलाबाच्या ओळीत चौथ्या फेरीचा आकडा कंसात आहे का, माजघर? तथ्यपत्रकात दोन्ही फेऱ्या शेजारी असतात.

माजघर
आत्ता उघडून बघितलं. आधीचा ७२ बिनकंसाचा आहे, म्हणजे तेव्हा निदान पन्नास मुलं होती.

गणिती
आता पाचव्या फेरीत तीस मुलं होती असं धरलं, तर आधीचा आकडा अगदी अचूक मानला तरी सोळाचा फरक चुकीच्या हद्दीतच राहतो. पंचेचाळीस-एकोणपन्नास मुलं असतील आणि आधीची दोनशेच्या आसपास असतील तर काठावर येतो. तथ्यपत्रकात नक्की संख्या देत नाहीत, त्यामुळे याच्या पुढे जाता येत नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांनी मूळ विदा मागवून नोंदी मोजाव्यात, ती अर्ज केल्यावर मिळते.

विदर्भाची लेक
मागवली आहे मी दुसऱ्या कामासाठी. माजघर, जिल्हा व्यनि करा, जुलाबाची मुलं मोजून सांगते. तळटिपेच्या जागेचं कुणीतरी सांगा मात्र.

माजघर
केला व्यनि. तोवर विश्वस्तांना दुरुस्तीचं वाक्य पाठवलंय: "जुलाब झालेल्या मुलांपैकी ५६ टक्क्यांना ओआरएस मिळालं, पण हा आकडा पन्नासहून कमी मुलांवरचा आहे. आधीच्या ७२ शी तुलना करून घट झाली असं म्हणता येत नाही, आणि झाली नाही असंही म्हणता येत नाही."

अध्यक्षांचा उलट फोन आला. म्हणाले, "ताई, ते सगळं ठीक, पण पुड्या घ्यायच्या की नाही घ्यायच्या?"

खट्याळ काका
(घ्या)